जवस आणि चिया : बुळबुळीत द्रव्य, लिग्नॅन व सायनाइड

जवस किंवा अळशी हे जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशी पट्ट्यातले रब्बीचे तेलबी. इथल्या घरात ते भाजून, लसूण-तिखट-मिठासोबत कुटलेल्या कोरड्या चटणीच्या रूपाने भाकरीबरोबर येते. अलीकडे जवसाची कच्ची पूड पाण्यात किंवा ताकात ढवळून पिण्याची पद्धत आली, आणि मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा चियाही वाण्याकडे मिळू लागला. चियाला सब्जा समजण्याची चूक सर्रास होते. सब्जा तुळशीच्या वंशातला आणि चिया साल्व्हिया वंशातला. भिजल्यावर दोन्ही फुगतात, म्हणून घोटाळा होतो.

चमचाभर जवस वाटीभर पाण्यात टाकले की अर्ध्या तासात दाणे निसरडे होतात आणि पाणी ताणले जाऊ लागते. हे टरफलाच्या बाहेरच्या थरातले म्युसिलेज, म्हणजे पाणी धरून ठेवणारे तंतुमय चिकट द्रव्य. चियाचा दाणा तर वजनाच्या दहापट पाणी शोषून स्वतःभोवती गर तयार करतो. याने मल मऊ होतो आणि जेवणानंतरची साखर जरा सावकाश चढते. मात्र पाणी कमी पडले तर तेच द्रव्य आतड्यात अडसर होते. कोरडा चिया तोंडात टाकून वरून पाणी पिणे त्याहून वाईट : 2014 मध्ये अमेरिकेत एका रुग्णाच्या अन्ननलिकेत असा चिया फुगून अडकल्याची नोंद झाली. त्याला गिळण्याचा त्रास आधीपासून होता. चिया आधी भिजवूनच खावा. औषधाची गोळी आणि हा गर यांत तास-दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण गर गोळीचे शोषण लांबवू शकतो.

लिग्नॅन या वनस्पतिजन्य द्रव्यांच्या बाबतीत जवसाला तोड नाही. चियात ती फार थोडी असतात. आतड्यातले जंतू त्यांचे रूपांतर एन्टेरोलॅक्टोन नावाच्या, इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी अंधुक नाते असलेल्या पदार्थात करतात. म्हणून प्रतिजैविके घेतल्यावर हे रूपांतर काही काळ मंदावते. लिग्नॅन टरफलात असतात. घाण्याच्या तेलात ती जवळपास उतरत नाहीत, आणि अख्खा गिळलेला दाणा बराचसा तसाच बाहेर पडतो. रजोनिवृत्तीच्या तक्रारींवर जवसाचे जे गुण सांगितले जातात, त्यांचा पुरावा मला कच्चा वाटतो. कोलेस्टेरॉल कमी होण्याचा पुरावा बरा आहे : 2014 मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने दिवसाला 40 ग्रॅम कुटलेल्या जवसाच्या आधारावर तसा दावा मान्य केला. मात्र हे 40 ग्रॅम दिवसभरात विभागून घ्यायचे आहेत. विभागायचे का, याचे उत्तर तिसऱ्या द्रव्यात आहे.

जवसात लिनुस्टॅटिन व निओलिनुस्टॅटिन ही सायनाइड बांधून ठेवलेली ग्लुकोसाइडे असतात. ती फोडणारे विकर त्याच दाण्यात, पण वेगळ्या कप्प्यात असते. दाणा कुटला आणि पाणी मिळाले की दोघांची गाठ पडते व हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजेच सायनाइड, सुटते. चांगले भाजल्याने हे विकर निकामी होते. त्यात चटणी कोरडी आणि खाण्यात चमचाभरच, म्हणून जुन्या रीतीत हा प्रश्न कधी डोके वर काढत नाही. भाजल्याने ग्लुकोसाइडे मात्र पूर्ण जात नाहीत. आतड्यातले जंतू त्यातली काही फोडतातच. चियात हा धोका दखल घेण्याजोगा नाही.

हिशेब असा. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने एका वेळच्या सायनाइडची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे 20 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. 60 किलोच्या माणसाला ती 1.2 मिलिग्रॅम होते. जवसातले सायनाइड हळूहळू सुटते आणि रक्तातली पातळी कमी राहते, म्हणून जवसापुरती ही मर्यादा तिप्पट, म्हणजे 3.6 मिलिग्रॅम धरतात. किलोला 200 मिलिग्रॅम सायनाइड देऊ शकणारा जवस घेतला तर 15 ग्रॅम पुडीतून 3 मिलिग्रॅम येते. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेचा सल्लाही एका जेवणात 15 ग्रॅमपर्यंतच थांबतो. हे सपाट दोन मोठे चमचे. तोच हिशेब 12 किलोच्या मुलाला लावला तर साडेतीन ग्रॅमच उरतात, म्हणजे छोटा दीड चमचा. एवढ्या लहान मुलाला कच्ची पूड देऊच नये.

शरीर थोडे सायनाइड गंधकाच्या मदतीने थायोसायनेटमध्ये बदलून लघवीवाटे टाकते. थायोसायनेट आयोडीनच्या आड येते, म्हणून थायरॉइडचा विकार असलेल्यांनी मोठे प्रमाण रोज घेऊ नये. लिग्नॅनमुळे गरोदरपणातही चटणीपुरतेच ठेवावे. कच्ची पूड भरपूर घेतल्यावर लगेच डोके दुखणे, चक्कर, धाप असे झाले तर थेट दवाखाना गाठावा.

कुटल्यावर जवसाचे तेल हवेने लवकर खवट होते. डबा उघडताच ऑइलपेंटसारखा वास आला (त्या रंगात जवसाचेच तेल असते) किंवा चव कडवट लागली, तर पूड टाकून द्यावी. आठवड्यापुरतेच भाजून कुटावे.