पुसलेला सोपा परत आणायचा तर

सांगलीच्या गावभागातल्या एक काकू वडिलांचा फ्रेममधला फोटो घेऊन आमच्या स्टुडिओत आल्या. मूळ फोटो त्यांच्या जुन्या वाड्याच्या सोप्यात काढलेला होता. वडील गेल्यावर कुणीतरी मागचा सोपा पुसून तिथं निळं आभाळ भरून दिलं. आता वाडाही पाडलाय आणि काकूंना तो सोपा परत हवा होता. त्यांच्या सीडीवर एकच जेपीजी सापडली, तीही निळ्या आभाळाचीच. त्या फाईलमध्ये सोप्याचा एक पिक्सेलही उरला नव्हता.

फिल्मच्या काळात असं सहसा होत नसे. मागचा भाग घालवायचा असला तर निगेटिव्हवर ब्रशनं अपारदर्शक लाल रंग लावत. जिथं रंग, तिथून उजेड जात नसे आणि प्रिंटवर ती जागा कोरी पांढरी येई. रंग पाण्यात विरघळणारा असल्यानं धुतला की मागचं दृश्य पुन्हा मिळे. फोटोशॉपमध्ये निवडीबाहेरचा भाग झाकून दाखवणारा क्विक मास्क लाल दिसतो, तोही छपाईच्या मास्किंगमधल्या तशाच लाल फिल्मच्या वळणावर.

१९९० साली फोटोशॉप आलं तेव्हा ही सोय नव्हती. सगळं चित्र एकाच थरात, आणि मागं जायला अनडू एकच पायरी. १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले, त्यासोबत लेअर मास्कही. माझ्या मते या इतिहासातलं सर्वात मोठं पाऊल हेच. इरेझर पिक्सेल काढून टाकतो, मास्क ते फक्त झाकतो. काळ्यानं झाकायचं, पांढऱ्यानं उघडायचं. पुढं १९९६ मध्ये चौथ्या आवृत्तीत अ‍ॅडजस्टमेंट लेअर आले. तोवर रंग-उजेड सुधारणारे कर्व्ह्ज लावले की फोटोचे मूळ रंगच बदलत. आता ती दुरुस्ती वेगळ्या थरात राहू लागली. केलेल्या पायऱ्या मागं घेता येणारी हिस्टरी १९९८ मध्ये आली, पण फाईल बंद केली की ती जाते, म्हणून वर्षांनी परतणाऱ्या गिऱ्हाईकाला तिचा उपयोग नाही.

एक दुखणं तरीही राहिलं. माणूस कापून नव्या दृश्यात बसवताना तो २५ टक्क्यांवर आणला, की लांबी-रुंदीचा हिशोब धरून सोळातला एकच पिक्सेल उरे. पुन्हा मोठा केला की चेहरा धूसर. यावर २००५ मध्ये सीएस२ मध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट आला. यात मूळ चित्र लेअरच्या पोटात अखंड राहतं आणि आकार बदलला की दर वेळी त्या मूळावरूनच नव्यानं काढलं जातं. फिल्टर मात्र त्यावर चालत नव्हते. ती सोय २००७ च्या सीएस३ मध्ये झाली.

काकूंच्या नशिबानं त्यांच्या भावाकडे मूळ ४ बाय ६ ची प्रिंट निघाली. मी ती ६०० डीपीआयला स्कॅन केली, म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेल. त्या लेअरवर आधी `Convert to Smart Object` केलं. वडिलांभोवती सिलेक्शन करून त्याचा मास्क स्मार्ट ऑब्जेक्टच्या बाहेरच लावला आणि खाली निळ्या रंगाचा फिल लेअर ठेवला. चेहरा पिवळट पडला होता, म्हणून वर कर्व्ह्जचा लेअर टाकून तो `Create Clipping Mask` नं वडिलांपुरताच बांधला. फोटोवरचे ओरखडे स्मार्ट ऑब्जेक्टवर क्लोन करता येत नाहीत. तसं करायला गेलं की फोटोशॉप रास्टराइज, म्हणजे साध्या पिक्सेलचा लेअर, करू का विचारतं, आणि घाईत ओके दाबणारे बरेच असतात. थंबनेलच्या कोपऱ्यातली छोटी खूण नाहीशी झाली, तर मूळ गेलं असं समजावं. म्हणून मी वर रिकामा लेअर घेतला, क्लोनचं सॅम्पल `Current & Below` ठेवलं आणि ओरखडे तिथं झाकले.

केसांच्या कडेला जुन्या भिंतीचा रंग राहतो, त्यासाठी `Decontaminate Colors` वापरायचा मोह होतो. ते कडेच्या पिक्सेलचे रंग खरोखर बदलतं आणि म्हणूनच निकाल नव्या लेअरवर देतं. त्या लेअरचा मास्क बंद केला तर खरी भिंत दिसत नाही, विटलेले डाग दिसतात. मूळ लेअर खाली शाबूत ठेवला असेल तरच परत फिरता येतं. हे सगळं पीएसडीत टिकतं, जेपीजीत सारे थर चेपले जातात.

शिफ्ट दाबून मास्कवर क्लिक केलं आणि सोप्याचे खांब, भिंतीवरचं कॅलेंडर सगळं समोर आलं. भिंत जरा निळसर दिसली, कारण मास्क उघडताच कर्व्ह्ज सगळ्या चित्रावर लागू झाले होते. त्यांच्या मास्कवर भिंतीपुरता काळा ब्रश फिरवला. काकू दोन प्रिंट घेऊन गेल्या, एक आभाळाची आणि एक सोप्याची, दोन्ही एकाच फाईलमधून निघालेल्या.