ओझोनच्या विघटनातला मंद टप्पा कोणता?

ओझोन तापवला की त्याचा ऑक्सिजन होतो. ओझोनच्या दोन रेणूंपासून ऑक्सिजनचे तीन रेणू मिळतात, एवढीच ही अभिक्रिया. पण तिचा वेग मोजायला गेलं की एक विचित्र गोष्ट दिसते. भांड्यात ऑक्सिजन भरपूर असेल, तर ओझोन दुप्पट केल्यावर वेग जवळपास चौपट होतो, आणि ऑक्सिजन दुप्पट केल्यावर वेग निम्मा होतो. अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थच तिला रोखून धरतो.

याचं कारण असं, की अभिक्रिया दोन टप्प्यांत घडते:

O3 + M ⇌ O2 + O + M
O + O3 → 2 O2

M म्हणजे भांड्यातला कुठलाही रेणू. त्याच्या धडकेने ओझोन फुटतो आणि एक सुटा ऑक्सिजन अणू बाहेर पडतो. हा अणू मध्यवर्ती पदार्थ आहे. तो तयार होतो आणि लगेच संपतो, शेवटच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. त्याच्यापुढे दोन वाटा असतात. ऑक्सिजनच्या रेणूला चिकटून तो पुन्हा ओझोन बनू शकतो, किंवा दुसऱ्या ओझोनवर आदळून ऑक्सिजनचे दोन रेणू देऊ शकतो. पहिल्या टप्प्याचा पुढचा वेगस्थिरांक k1, उलटा k−1 आणि दुसऱ्या टप्प्याचा k2 मानू.

आता सुट्या अणूंची संहती किती, हे कळल्याशिवाय वेग काढता येत नाही आणि ती मोजणं अवघड असतं. इथे स्थिर-अवस्थेचा अंदाज कामी येतो. माक्स बोडेनश्टाइन यांनी 1913 मध्ये हायड्रोजन आणि क्लोरीनच्या अभिक्रियेसाठी हा विचार वापरला. अणू ज्या वेगाने तयार होतात त्याच वेगाने संपतात असं धरायचं:

k1[O3][M] = k−1[O][O2][M] + k2[O][O3]

यातून [O] काढून दुसऱ्या टप्प्याच्या वेगात घातलं, की वेगनियम मिळतो:

v = k1 k2 [O3]² [M] / (k−1[O2][M] + k2[O3])

असं धरणं योग्य आहे का? आकड्यांनीच बघू. तापमान 400 केल्विन, म्हणजे सुमारे 127 अंश सेल्सिअस, दाब एक वातावरण आणि वायूत 10 टक्के ओझोन, बाकी ऑक्सिजन असं समजा. या स्थितीत ओझोनचा एखादा रेणू धडकेने फुटायला सरासरी दीड-दोन मिनिटं लागतात. त्यातून सुटलेला अणू मात्र काही मायक्रोसेकंदांतच कुठल्या तरी वाटेने संपतो. त्यामुळे सुरुवातीचे काही मायक्रोसेकंद सोडले, तर अणूंची आवक आणि जावक जवळजवळ सारखी राहते. ओझोन कमी होत जातो तशी अणूंची संहतीही हळूहळू बदलते, पण तो बदल आवक-जावकीच्या मानाने इतका नगण्य असतो की शून्य धरल्याने काही बिघडत नाही. मध्यवर्ती पदार्थ टिकाऊ असता आणि भांड्यात साठत गेला असता, तर हा अंदाज कोसळला असता.

आता विद्यार्थी ज्या पळवाटेकडे आधी वळतात तिच्याकडे येऊ: ‘सर्वांत मंद टप्पा शोधा, त्याचाच वेग म्हणजे अभिक्रियेचा वेग.’ पहिला टप्पा मंद मानला तर v = k1[O3][M]. दुसरा मंद मानला, तर पहिला समतोलात आहे असं धरून v = (k1k2/k−1)[O3]²/[O2] मिळतं. हे दोन्ही नियम वरच्या पूर्ण नियमात आधीच दडलेले आहेत. छेदातलं k2[O3] फार मोठं असेल तर पहिला नियम उरतो, k−1[O2][M] फार मोठं असेल तर दुसरा.

मग मंद टप्पा ओळखायचा कसा? k1 आणि k2 यांची तुलना करून, असं अनेकांना वाटतं, आणि इथेच फसगत होते. ओझोन फुटणं खूप ऊर्जा मागतं, म्हणून k1 हा k2 पेक्षा कित्येक पटींनी लहान असतो. त्यावरून पहिला टप्पा मंद म्हणावा तर ऑक्सिजनचा परिणाम शून्य यायला हवा, पण प्रयोग तसं सांगत नाही. शिवाय स्थिर अवस्थेत पहिल्या टप्प्याचा निव्वळ वेग, म्हणजे पुढे जाणाऱ्यातून मागे येणारे वजा करून उरणारा, दुसऱ्या टप्प्याच्या वेगाइतकाच असतो. त्या अर्थाने कुठलाच टप्पा दुसऱ्यापेक्षा मंद नसतो. तुलना करायची ती अणूच्या पुढे असलेल्या फाट्यावर: k2[O3] मोठं की k−1[O2][M]?

या दोहोंचं गुणोत्तर q म्हणू. 400 केल्विनला आणि एक वातावरण दाबाला, ओझोन आणि ऑक्सिजन सारखेच असतील तर q सुमारे 8 येतो. म्हणजे ओझोनवर आदळणं हे ऑक्सिजनला चिकटण्यापेक्षा आठेक पट जलद असतं. पण 1 टक्का ओझोनच्या मिश्रणात ऑक्सिजन 99 पट असतो, त्यामुळे q फक्त 0.08 राहतो. सुटलेल्या शंभर अणूंपैकी सात-आठच पुढे जातात, बाकीचे पुन्हा ओझोन होतात. इथे समतोलाची पळवाट चालते, चूक सुमारे 8 टक्के. आणि 10 टक्के ओझोन असेल तेव्हा q सुमारे 0.9. आता निम्मे अणू पुढे, निम्मे मागे. पहिला टप्पा मंद मानला तर वेग खऱ्याच्या दुपटीहून थोडा जास्त येतो, समतोल मानला तर दुपटीला थोडा कमी. दोन्ही पळवाटा खऱ्यापेक्षा जास्तच वेग सांगतात, कारण प्रत्येक जण छेदातलं एकेक पद टाकून देतो.

मला यातली सगळ्यात लक्षात ठेवण्याजोगी बाब ही वाटते, की दोहोंतली जवळची पळवाट निवडली तर वेग कधीही दुपटीहून अधिक चुकत नाही, आणि ती सर्वांत मोठी चूक q = 1 पाशीच होते. मात्र तिथे अभिक्रियेच्या कोटीची, म्हणजे वेगनियमातल्या संहतीच्या घातांकाचीही गडबड होते. [M] स्थिर ठेवून मोजलं तर ओझोनची कोटी दीड आणि ऑक्सिजनची उणे अर्धी दिसते. असे अपूर्णांक पाहून कुणी नवीच यंत्रणा शोधू लागेल, पण ते दोन साध्या टप्प्यांच्या मधलंच ठिकाण असतं. अभिक्रिया पुढे सरकते तसा ओझोन कमी आणि ऑक्सिजन जास्त होत जातो, q घटतो, आणि एकाच भांड्यात, एकाच प्रयोगात वेगनियमाचं रूप बदलत जातं.

प्रयोगात हे तपासायचा मार्ग सोपा आहे. पूर्ण नियम उलटा करून मांडला तर:

[O3][M]/v = 1/k1 + (k−1/(k1k2)) · [O2][M]/[O3]

ऑक्सिजनचं प्रमाण बदलत वेग मोजायचा आणि डावीकडची राशी [O2][M]/[O3] समोर आलेखावर मांडायची. सरळ रेषा आली तर यंत्रणा जुळते, आणि रेषा उभा अक्ष जिथे छेदते तिथून k1 थेट हाती लागतो. फक्त समतोलाच्या टोकाच्या मोजमापांतून हे शक्य नसतं: तिथे फक्त k1k2/k−1 हे संयुक्त मूल्य कळतं, k1 वेगळा काढता येत नाही. बेन्सन आणि ॲक्सवर्दी यांनी 1957 मध्ये ओझोनच्या औष्णिक विघटनाचं विश्लेषण केलं ते याच दोन-टप्प्यांच्या यंत्रणेवर.

प्रयोग करणाऱ्याला एक खबरदारी घ्यावीच लागते. ओझोनच्या विघटनात उष्णता बाहेर पडते. संहती जास्त असेल तर वायू स्वतःच तापतो, वेग वाढतो आणि स्फोटही होऊ शकतो. तापमान सरकलं की k1 वेगाने बदलतो, आणि आलेखावरचे बिंदू रेषेवरून वेगाच्या बाजूला, म्हणजे खाली घसरतात. म्हणून असे बिंदू जास्त ओझोनच्या टोकाला, डावीकडे दिसले तर यंत्रणेवर शंका घेण्याआधी भांड्याच्या आतलं तापमान तपासावं.