दोन्हीवर ६५०, पण वॅट कुठले?

राजारामपुरीतल्या दुकानाच्या काउंटरवर कॉम्प्युटरला वीज पुरवणारे दोन एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, शेजारी ठेवले होते. दोन्हींच्या खोक्यावर ठळक ६५०, आणि किमतीत मात्र जवळपास तिपटीचा फरक. भाचा लगेच म्हणाला, "मामा, दोन्ही साडेसहाशेच की! मग स्वस्तातलाच घेऊया."

मी दोन्ही डबे पालथे करून बाजूचा स्टिकर दाखवला. तिथं प्रत्येक व्होल्टेजला किती अँपिअर मिळणार ते छापलेलं असतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच ओढतात, त्यामुळं बघायचा आकडा तोच. महागाच्या डब्यावर १२ व्होल्टला ५४ अँपिअर होते. गुणाकार केला की ६४८ वॅट, म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा. स्वस्ताच्या डब्यावर २८ अँपिअर, म्हणजे ३३६ वॅट. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवली होती, आणि तीही साडेसहाशेला पोचत नव्हती.

आता भाच्याच्या मशीनचा हिशेब. रायझन ५ ७६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, एएमडीचं आरएक्स ९०७० ग्राफिक्स कार्ड २२०. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांना मी साठेक धरतो. एकूण झाले ३७० च्या आसपास, आणि त्यातले साडेतीनशे तरी १२ व्होल्टवर. स्वस्ताचा डबा इथंच संपला. शिवाय ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या ठरलेल्या वॅटच्या बरंच वर उसळी मारतं. ३७० च्या मशीनला ४०० चा सप्लाय का चालत नाही आणि एएमडी या कार्डासाठी ६५० का सुचवते, त्यामागं हीच उसळी आहे.

वीज किती वाया जाते ते सांगणाऱ्या ८० प्लस ब्रॉन्झ या खोक्यावरच्या बिल्ल्यावरून दुकानदारांनी मध्येच एक शंका काढली: "पण ब्रॉन्झ म्हणजे ८५ टक्के, मग साडेसहाशेतले साडेपाचशेच मिळणार ना?" हा गैरसमज फार पसरलाय. ६५० वॅट हे कॉम्प्युटरला मिळणारे. टक्केवारीतली घट भिंतीतल्या सॉकेटकडून वसूल होते. म्हणजे आत ३७० लागले तर सॉकेटमधून साधारण ४३५ ओढले जातील. हा आकडा यूपीएससाठी लक्षात ठेवा. पावसाळ्यात वारं सुटलं की आपल्याकडं लाईट जातेच, आणि ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॅटच्या आसपास दम तोडतो. ऐन गेममध्ये लाईट गेली तर त्याच्यासकट मशीन बंद.

कनेक्टरमध्येही डब्याचा खरेपणा कळतो. या कार्डाला वीज घ्यायला दोन आठ-पिन प्लग लागतात. स्वस्तात एकच होता, दुसऱ्यासाठी मोलेक्सचं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या चार-पिन प्लगचं, अडॅप्टर दिलेलं. ते नकोच. चांगल्या सप्लायमधूनसुद्धा दोन वेगळ्या केबली ओढा, एकाच केबलीला लोंबणारी दोन टोकं वापरू नका, नाहीतर सगळा करंट एकाच केबलीतून जातो. प्रोसेसरची आठ-पिन केबल दिसायला तशीच असते, पण ती ४+४ अशी सुटते आणि कार्डाची ६+२. पिनांची मांडणी वेगळी आहे. बसत नसेल तर दाबू नका. आणि मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणाऱ्या, सप्लायची केबल जुन्या, दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला कधीच लावायची नाही. सप्लायकडच्या टोकाला ठरलेलं मानक नाही, प्लग नीट बसतो आणि हार्ड डिस्क जळते.

संरक्षणाचं म्हणाल तर ८० प्लसचा बिल्ला त्याबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत ओपीपी, ओव्हीपी, जास्त करंटसाठीचं ओसीपी, कमी व्होल्टेजसाठीचं यूव्हीपी, शॉर्टसर्किटसाठीचं एससीपी आणि जास्त तापण्यासाठीचं ओटीपी ही नावं शोधा. सगळ्यात आधी ओपीपी, म्हणजे एकूण भार झेपेनासा झाला की स्वतःहून बंद पडणं, आणि ओव्हीपी, म्हणजे व्होल्टेज चढलं की तोडणं. १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवं.

संरक्षणानं काम केलं हे ओळखायचं कसं? जड गेम सुरू झाला की मशीन एका झटक्यात पूर्ण बंद पडतं, निळा स्क्रीन वगैरे काही नाही. मागचं बटण बंद करून थोड्या वेळानं चालू केलं की परत सुरू होतं. ज्यात ही सोय नसते तो सप्लाय बंद पडत नाही, गरम होत राहतो, आणि पहिली खबर वासानं मिळते.

भाच्यानं ५४ अँपिअरवाला उचलला. पैसे कमी पडले म्हणून कॅबिनेट बिनलाईटवाला घेतला. त्याचं तोंड मात्र घरी येईपर्यंत वाकडंच होतं.