रेंज फुल, नेट गुल: दोष टॉवरचाच?

“सोलापुरात सात रस्ता चौकात रेंजच्या काड्या फुल, तरी नेट बंद. टॉवरच बिघडलाय ना?”

तसंच असेल असं नाही. काड्या फक्त टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतो ते दाखवतात. फोर-जीत टॉवरवरच्या ई-नोडबी नावाच्या यंत्राचं काम रेडिओपुरतं: कोणत्या फोनला रेडिओ लहरींचा किती वाटा मिळायचा, ते तो दर मिलिसेकंदाला ठरवतो. सिम खरं की खोटं, हे कोअर नेटवर्कमधला, म्हणजे टॉवरांमागच्या कंपनीच्या मुख्य यंत्रणेतला, एमएमई नावाचा भाग तपासतो, त्यासाठीची माहिती ग्राहकांच्या नोंदी ठेवणारा एचएसएस देतो. फोनला आयपी पत्ता देऊन इंटरनेटला जोडतो तो कोअरमधलाच पी-गेटवे, आणि तो टॉवरच्या बुडाशी नसतो. बहुधा दूरच्या शहरात असतो.

म्हणून सात रस्त्यावरून होटगी रोडला जाताना टॉवर बदलतात, पण गाणं तुटत नाही. पत्ता पी-गेटवेकडे असतो, तो बदलत नाही.

आता ओळखायचं कसं? वाय-फाय बंद करून फोनच्या माहितीत आयपी पत्ता बघा. पत्ताच नसेल तर संशय कोअरवर किंवा फोनमधल्या चुकीच्या एपीएनवर, म्हणजे नेटला जोडायच्या सेटिंगवर, घ्या. पत्ता आहे, नेट रखडतंय आणि तेही संध्याकाळच्या गर्दीतच, तर बहुधा टॉवरवर ताण आहे. डेटा पॅक संपला असेल, तर मात्र पत्ता असूनही कोअरच वाट अडवू शकतो.