पाटीवरचे वॉट आणि खोलीतली उष्णता

“शंभर संगणक, प्रत्येकाच्या पाटीवर ३०० वॉट, म्हणजे एसीवर ३० किलोवॉटचा भार धरायचा ना?”

नाही. पाटीवरचा आकडा वायरिंगच्या सुरक्षिततेसाठी असतो. ऑफिसातली उपकरणं साधारणपणे त्याच्या पाव ते निम्मीच वीज खेचतात. समजा, मोजल्यावर प्रत्येकी ९० वॉट निघाले, तर एकूण उष्णता ९ किलोवॉट.

तीही सगळी लगेच एसीवर येत नाही. ७० टक्के संवहनाने जाते असं धरू, तर ६.३ किलोवॉट ताबडतोब हवेत मिसळतात. उरलेले २.७ प्रारणाने भिंती, फरशी, फर्निचर यांत मुरतात आणि हळूहळू बाहेर पडतात. रेडियंट टाइम सिरीज ही एसीवरचा भार काढायची पद्धत प्रारणाची ही उष्णता २४ तासांच्या गुणकांत वाटते, आणि गुणकांची बेरीज १ येते. पहिल्या तासाचा गुणक ०.५ असेल, तर कालची शिल्लक वगळता तेव्हाचा भार ७.६५ किलोवॉट. दुपारपर्यंत तो ९ च्या जवळ पोचतो.

म्हणजे खरी चूक पाटीचीच. विलंबाचा मोठा फरक काचेतून येणाऱ्या उन्हात दिसतो. आणखी एक मर्यादा आहे: ही पद्धत तोच दिवस रोज आणि एसी चोवीस तास चालू असं मानते. एसी रात्री बंद ठेवणार असाल, तर सकाळचा जादा भार वेगळा काढावा लागतो.