छत्तीस गुणांत न बसलेली तिथी

नागपुरात स्थळ बघताना टिपणांची देवाणघेवाण झाली की आधी गुण मोजले जातात. गुण जुळले, तरी घरातलं एखादं जुनं माणूस विचारतंच, "मुलगी शुद्धातली की वद्यातली?" वद्यातली म्हटलं की चेहरे थोडे उतरतात. कृष्ण पक्षातला माणूस तापट आणि हट्टी, शुक्ल पक्षातला शांत, मनमिळाऊ, अशी ही समजूत. पण हा प्रश्न गुणमेलनाच्या कोष्टकात कुठेच नाही. मग तो आला कुठून?

गुणमेलनाचे आठ भाग असतात: वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट आणि नाडी. त्यांची बेरीज छत्तीस. हे सगळे जन्मवेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आणि राशीत होता, एवढ्यावरच ठरतात. तिथीसाठी मात्र सूर्यही लागतो. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. ३६० अंशांत अशा तीस तिथी बसतात, पहिल्या पंधरा शुक्ल पक्षाच्या आणि उरलेल्या कृष्ण पक्षाच्या. कोष्टक सूर्याकडे बघतच नाही, त्यामुळे चंद्र पूर्ण होता की कोर होता हे त्याला कळायचा मार्गच नाही.

एक उदाहरण मांडून बघू. मुलाचा जन्म एप्रिलच्या शेवटाकडे आलेल्या हनुमान जयंतीचा. सूर्य मेषेच्या १० अंशांवर, चंद्र तुळेच्या ८ अंशांवर, म्हणजे दोघांत १७८ अंशांचं अंतर. त्याला १२ने भागलं की चौदा तिथी संपून पंधरावी चालू असल्याचं दिसतं. ती पौर्णिमा, आणि नक्षत्र स्वाती. मुलीचा जन्म नोव्हेंबरच्या सुरुवातीला आलेल्या लक्ष्मीपूजनाचा. सूर्य तुळेच्या १९ अंशांवर, चंद्र त्याच राशीत १२ अंशांवर, म्हणजे अजून सूर्याच्या ७ अंश मागे. पुढच्या दिशेने मोजलं तर अंतर ३५३ अंश, म्हणजे तिसावी तिथी, अमावास्या. नक्षत्र पुन्हा स्वातीच, फक्त चरण वेगळा. कोष्टकाला दोन्ही चंद्र जवळजवळ एकच दिसतात. नाडी दोघांची एकच असल्याने तिचे आठ गुण सोडून बाकी सगळे मिळतात, म्हणजे छत्तीसपैकी अठ्ठावीस. चरण वेगळा असल्याने एकनाडीचा दोषही बहुतेक गुरुजी सोडून देतात. एकाचं चांदणं अख्खं आणि दुसरीच्या आकाशात चंद्रच नाही, हा फरक बेरजेत कुठेच उमटत नाही.

तो फरक पूर्वी दोन वेगळ्या वाटांनी बघितला जात असे. एक वाट मुहूर्ताची. सहाव्या शतकात वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तिथींचे नंदा, भद्रा, जया, रिक्ता, पूर्णा असे पाच गट दिसतात. चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या रिक्ता. पण हे गट कोणत्या दिवशी कोणतं काम करावं यासाठी होते, त्या दिवशी जन्मलेल्याच्या स्वभावासाठी नव्हते. लग्नाचा मुहूर्त रिक्ता तिथीवर धरत नाहीत, तेही याच वाटेने.

दुसरी वाट जातकाची, म्हणजे कुंडलीची. त्याच वराहमिहिराच्या बृहज्जातकात क्षीण चंद्र पापग्रहांत धरलेला आहे. मात्र क्षीण कधी म्हणायचा, ही रेघ पौर्णिमेवर ओढलेली नाही. यवनाचार्य या जुन्या ज्योतिषकारांच्या मताने शुद्ध प्रतिपदेपासून पहिले दहा दिवस चंद्र मध्यम, पुढचे दहा दिवस बलवान आणि शेवटचे दहा दुबळा. याचा सरळ अर्थ असा की वद्य पंचमीपर्यंतचा चंद्र उत्तम आणि शुद्ध तृतीयेची कोर मध्यम. आकाशात बघितलं तरी हेच पटतं. वद्य द्वितीयेच्या रात्री अंगणात लख्ख उजेड असतो, शुद्ध द्वितीयेची कोर तासाभरात मावळते. 'वद्यातली' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे सांगितलं तर बरीच स्थळं वाचतील, असं मला वाटतं.

मग शुद्ध म्हणजे चांगला आणि वद्य म्हणजे वाईट अशी सरसकट वाटणी कधी झाली? तिचा मोठा आधार सोळाव्या शतकातल्या फलग्रंथांत सापडतो. गोदाकाठच्या पार्थपुरातल्या, म्हणजे आजच्या पाथरीच्या परिसरातल्या, ढुंढिराजाने जातकाभरण लिहिलं. त्यात संवत्सर, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार असं एकेकाचं फळ श्लोकांत सांगत नेलं आहे. प्रत्येकाला सुटा श्लोक असल्याने तो पाठ करायला आणि टिपणात उतरवायला सोपा. चंद्राचं बळ कुंडलीत शोधण्यापेक्षा 'अमुक पक्षात जन्म, अमुक स्वभाव' एवढं वाचून दाखवणं सोपं, आणि तेच घराघरांत गेलं. त्या श्लोकांत पडताळा घेतल्याची खूण कुठे नाही, नुसती विधानं आहेत. अमावास्या आणि कृष्ण चतुर्दशीच्या जन्माला शांती सांगितलेली असल्याने भीतीची भर वेगळी पडली.

यापुढची अडचण जन्मतिथी खरंच ती होती का, ही आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली ग्रहलाघव आणि १५२५ साली तिथिचिंतामणी रचले. महाराष्ट्रातली पंचांगं जवळपास चारशे वर्षं त्यावर चालली. घटी म्हणजे २४ मिनिटं. त्या गणितात तिथी ६५ घटींपेक्षा लांबत नाही आणि ५४ घटींपेक्षा आखडत नाही. साठ घटींवर बाण म्हणजे पाचची वाढ आणि रस म्हणजे सहाची घट, 'बाणवृद्धी रसक्षय' म्हणतात ते हेच. आकाशातली तिथी मात्र ५० घटींपर्यंत आखडते आणि ६७ घटींपर्यंत लांबते, म्हणजे साधारण २० तासांपासून पावणेसत्तावीस तासांपर्यंत. त्यामुळे जुन्या गणिताने तिथी संपायची वेळ काही तासांनी चुकू शकते. आजी-आजोबांच्या काळातल्या टिपणावर अमावास्या लिहिली असेल, तर ती नव्या गणिताने प्रतिपदा निघू शकते, आणि पक्षच पालटतो.

आजच्या टिपणातली चूक साधी असते. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला छापलेली तिथी ही सूर्योदयाची असते. सकाळी दहाला पौर्णिमा संपली असेल आणि बाळ रात्री नऊला जन्मलं असेल, तर ते वद्य प्रतिपदेचं. शिवाय नागपूरचा सूर्योदय मुंबईच्या साधारण २५ मिनिटं आधी होतो. एप्रिलच्या सुरुवातीला एखादी तिथी सकाळी सव्वासहाला संपत असेल, तर नागपुरात सूर्योदयाला तीच तिथी असते आणि मुंबईत पुढची लागलेली असते. म्हणून जन्माची वेळ घेऊन सूर्य-चंद्रातलं अंतरच काढावं. ते जगात कुठूनही एकच येतं.

नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि मराठी व हिंदी घरांची टिपणं इथे आजही एकमेकांसमोर येतात. मराठी महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या मुलीचा जन्म मराठी टिपणात आश्विन अमावास्येचा आणि हिंदी कुंडलीत कार्तिक अमावास्येचा लिहिला जाईल. पक्ष आणि तिथी दोन्हीकडे तीच, महिना फक्त कृष्ण पक्षात वेगळा पडतो. शुक्ल पक्षातल्या जन्माला हा घोळ होत नाही.