तारखेला, वकिलाला, खिशात: परके शब्द मराठी कसे होतात

मराठवाड्यातल्या कुठल्याही तहसील कचेरीच्या आवारात सहज कानावर पडेल असं एक वाक्य घेऊ. "दादा, वकिलानं पुढच्या तारखेला हजर राहा म्हणून सांगितलंय, जमिनीचा अर्ज खिशातच हाय." यातले वकील, तारीख, हजर आणि अर्ज हे शब्द मूळचे अरबी, जमीन आणि खिसा फारशीतून आलेले. म्हणजे वाक्यात वजनाचे म्हणावेत असे सगळे शब्द बाहेरचे. तरीही हे वाक्य अस्सल मराठी आहे, यात कुणाला शंका येणार नाही. राहा, सांगितलंय, हाय ही क्रियापदं मराठी आहेत आणि प्रत्यय मराठी आहेत, हे त्याचं एक कारण. मला जास्त मोलाचं वाटतं ते दुसरं: या सहाही शब्दांना मराठीने आतून बदललं आहे आणि ते बदल नियमाने झाले आहेत.

हे शब्द इथे आले त्याला शतकं लोटली. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दौलताबादला राजधानी हलवली, 1347 मध्ये बहमनी सत्ता उभी राहिली, पुढे निजामशाही, मोगल आणि 1724 पासून 1948 पर्यंत आसफजाही. इतका काळ महसूल, न्याय आणि फौजेचा कारभार फारशीत चालला. हैदराबाद संस्थानात 1884 मध्ये फारशीच्या जागी उर्दू आली, तरी कचेरीची शब्दसंपत्ती तीच राहिली. शिवाय गावागावांत, बाजारात दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू बोली, बोलणारे शेजारी होतेच. शब्द दोन्ही वाटांनी आले, काही कागदावरून आणि काही कानावरून.

आता वाक्यातले जमीन, हजर, अर्ज हे तीन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. तिन्हींतल्या 'ज'ला जीभ दातांच्या मागे टेकते. 'जोडा', 'जमणे', 'माझा' यांतल्या आवाजाच्या जातीचा हा आवाज. फारशीत या ठिकाणी 'ज़' आहे, म्हणजे हवा घासत जाणारा, सलग ओढता येणारा आवाज. मराठीत तो नव्हता. मग मराठी बोलणाऱ्याने त्याच्या सगळ्यात जवळचा घरचा आवाज दिला. हजर आणि अर्ज यांचं अरबी मूळ पाहिलं तर तिथे 'ज़'सुद्धा नाही, जिभेच्या बाजूने जोर देऊन काढायचा वेगळाच जड आवाज आहे. फारशीने त्याचा 'ज़' करून टाकला होता आणि मराठीला तो तसाच मिळाला. अरबी शब्द आपल्याकडे थेट अरबस्तानातून आले नाहीत, इराणी तोंडातून आले, हे असं एका व्यंजनावरूनही कळतं.

खरी गंमत पुढे आहे. 'जिल्हा' म्हणा. मुळात तिथेही फारशी 'ज़'च आहे, पण आपण 'जीव', 'जेवण' यांतला, टाळूला जीभ लावून काढलेला 'ज' म्हणतो. एकच मूळ आवाज जमिनीत एक आणि जिल्ह्यात दुसरा कसा झाला? उत्तर मराठीतच आहे. मराठीत 'इ', 'ई', 'ए' या स्वरांच्या आधी दंत्य 'ज' किंवा 'च' टिकत नाही, तो टाळूकडे सरकतो. माझा पण माझी, उंच पण उंची, हा फरक आपण न शिकता करतो. (संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले जन, जय असे शब्द या नियमाच्या बाहेर आहेत, ते बाजूला ठेवू.) हाच नियम आलेल्या शब्दांना लागू झाला. शाळेत मुलगा 'हजर' असतो तेव्हा 'ज' दंत्य आणि गुरुजी 'हजेरी' घेतात तेव्हा तालव्य. अर्ज आणि अर्जी यांचंही तसंच. लिपीत दोन्हींना एकच अक्षर असल्यामुळे हे डोळ्यांना दिसत नाही, कानांनाच कळतं. त्याच गावातला दखनी बोलणारा माणूस या सगळ्या ठिकाणी सरळ 'ज़' म्हणतो.

दुसरी अडचण शब्दाच्या शेवटाची. अरबी-फारशीत हुक्म, ज़ुल्म, फ़िक्र, वक़्त असे जोडव्यंजनाने संपणारे पुष्कळ शब्द आहेत. 'हुक्म' म्हणताना 'क्' वर ओठ न मिटता थांबायचं आणि लगेच 'म्' साठी मिटायचे, पुढे स्वराचा आधार नाही. मराठी तोंडाने इथे मध्ये एक स्वर घातला. तो कुठलाही घातला नाही, बहुतेक वेळा शब्दात आधी असलेल्या स्वराचाच पडसाद घातला: हुकूम, जुलूम, मुलूख, फिकीर, शरम, गरम. 'उमर' मात्र या रांगेत बसत नाही, नाहीतर ती 'उमूर' झाली असती. घातलेला 'उ' किंवा 'इ' दीर्घ झाला, कारण अंत्य व्यंजनाच्या आधीचे हे स्वर मराठी लांबवते. 'अर्ज' आणि 'कर्ज' यांना प्रमाण मराठीत असा टेकू लागला नाही. 'र'नंतर 'ज'वर शब्द संपवणं जिभेला सोपं जातं.

'वक़्त'चा मराठीत 'वखत' झाला, त्यात आणखी एक खूण आहे. मूळ शब्दात घशातून काढायचा 'क़' आहे. फारशी लिखाणावरून तो उचलला असता तर 'वकत' व्हायला हवा होता, 'कबूल' आणि 'हक्क' यांत झालाय तसा. पण दखनीत 'क़'चा उच्चार घासट 'ख़' होतो, दखनी माणूस 'वख़्त' म्हणतो. मराठीतला 'ख' त्या उच्चाराशी जुळतो. हा शब्द दरबारी कागदापेक्षा शेजाऱ्याच्या बोलण्यातून आला असावा, असं मानायला ही जागा आहे.

घातलेला स्वर पाहुणा आहे हे प्रत्यय लागल्यावर दिसतं. जुलूम, पण जुलमानं. मुलूख, पण मुलखात. शब्द जोडव्यंजनावर संपत होता म्हणून आधार हवा होता, पुढे 'आ' आला की गरज उरत नाही. 'हुकमाने' आणि 'हुकुमाने' दोन्ही ऐकू येतात, 'फिकिरीने'त तर स्वर गळतच नाही. नियम असा कडेला झिजलेला असतो.

ज्यांचा स्वर मूळचाच आहे, त्या शब्दांचं काय झालं हे पाहायला आपल्या शेतातले दोन शब्द घेऊ, विहीर आणि कापूस. विहिरीत म्हणताना 'ही' आखूड होते, पण राहते. कापसाला म्हणताना 'पू'तला स्वर साफ जातो. फरक पहिल्या अक्षरात आहे. ते 'वि'सारखं ऱ्हस्व असेल तर मधला स्वर फक्त आखडतो, 'का'सारखं दीर्घ असेल तर गळतो. आता वाक्यातले शब्द लावून पाहा. वकील: पहिलं अक्षर ऱ्हस्व, म्हणून वकिलानं. जमीन: जमिनीचा. तारीख: पहिलं अक्षर दीर्घ, म्हणून तारखेला, 'तारिखेला' नाही. तालीम, तालमीत. चाबूक, चाबकानं. अरबी व्याकरणात 'तारीख'मधला 'ई' शब्दाच्या घडणीचा भाग आहे, तो असा टाकता येत नाही. मराठीने कापसाच्या मापाने तो टाकला. शाहीर आणि मोहीम या दोघांनी मात्र तो राखला: शाहिरानं, मोहिमेवर.

खिसा या शब्दाकडे मी परत परत वळतो. फारशीत तो 'कीसा', म्हणजे पिशवी. 'कुर्सी'ची खुर्ची झाली तसं इथेही 'क'ला महाप्राण मिळाला. 'आ'वर संपत असल्यामुळे तो घसा, पैसा यांच्या पंगतीला बसला, अनेकवचन 'खिसे' झालं. आणि घसा–घशात होतं तसं खिसा–खिशात झालं. हा 'स'चा 'श' फारशीतून आलेला नाही. मराठीत सामान्यरूपात 'य' येऊ पाहतो आणि तो 'स'ला टाळूकडे ओढतो, त्याची ही खूण. रूप चालवता चालवता शब्दाचं व्यंजनच बदलावं, इतका तो मराठीचा झाला.

बाहेरून शब्दच आले असं नाही, शब्द घडवण्याचे तुकडेही आले. सोय आणि समज घरचे, त्यांना 'गैर' लागून गैरसोय, गैरसमज. चव घरची, 'बे' लागून बेचव. भांडण घरचं, त्यातून भांडखोर. फारशी ज्याला ठाऊक नाही तोही हे तुकडे वापरतो, कारण दुकानदार, फौजदार, बेइमान असे पुरेसे शब्द कानावरून गेले की तुकडा आपोआप सुटा होतो.

जमिनीच्या दप्तरातला एक शब्द इथे सांगायलाच हवा, कारण मराठवाड्यात त्याच्यावरून आजही खटले चालतात: मदतमाश. उदरनिर्वाहासाठी दिलेली ही इनाम जमीन. मूळ 'मदद-ए-मआश'. दोन शब्दांना जोडणारा 'ए' मराठीत गळाला, कारण तसा जोड मराठीला माहीत नाही. 'मआश'मधला घशातला अरबी आवाज फारशीतच पुसट झाला होता, मराठीत उरलेले दोन स्वर एक झाले आणि 'माश' राहिलं. 'मदद'ची 'मदत' झाली, तशी ती बोलीतही झाली आहे. बोलणाऱ्याला आता यात दोन शब्द जाणवत नाहीत, म्हणून 'मदतमाशाची जमीन' असा प्रत्यय सगळ्याच्या शेवटी लागतो.

इंग्रजी शब्दांनाही हीच मापं लावून बघता येतात. कोर्टकचेरीचं 'अपील' वकिलासारखं चालतं: अपिलात. पण 'पोलीस' आणि 'ऑफीस' यांचं पहिलं अक्षर दीर्घ असूनही आपण 'पोलसानं', 'ऑफसात' म्हणत नाही. पोलिसानं, ऑफिसात म्हणतो. स्वर आखडण्याची सवय अजून जिवंत आहे. स्वर गाळण्याची सवय जुन्या शब्दांत थिजून बसली आहे, नव्यांना ती लागत नाही.

त्याहून नव्या शब्दांची पारख सामान्यरूपावरून होते. 'बँक' स्त्रीलिंगी ठरली, बँकेत आणि बँका अशी पूर्ण चालू लागली. 'फाइल'च्या फाइली झाल्या. 'ट्रॅक्टर' पुल्लिंगी ठरला खरा, पण 'वकिलाला' होतं तसं 'ट्रॅक्टराला' बहुतेक लोक म्हणत नाहीत, 'ट्रॅक्टरला' म्हणतात. प्रत्यय लागला, शब्द मात्र आतून हलला नाही. मोबाइलचं सध्या दोन्हीकडे चालू आहे. एकाच घरात कुणी 'मोबाइलमध्ये बघ' म्हणतं आणि कुणी 'मोबाइलात बघ'.